वीसची कॅप्सूल, पण अंगी किती लागली?

प्रश्न: वय २४, वजन ५० किलो, मिहानमध्ये नोकरी. जूनच्या मध्यापासून आयसोट्रेटिनॉइन २० मिलिग्रॅम रोज एक घेते. साडेसातला बस असते म्हणून सकाळी सातला कोरा चहा आणि दोन मारी बिस्किटांसोबत घेते. अडीच महिने झाले, पुळ्यांमध्ये फरक थोडाच आहे. ओठ सुकतात म्हणतात, माझे तेही फारसे सुकत नाहीत. डॉक्टर पुढच्या वेळी ४० करू म्हणाले. आई म्हणते तेलकट-तुपकट बंद कर. गुरुवारचा उपवास असतो आणि फेब्रुवारीत लग्न आहे. चाळीस घ्यायला सुरुवात करू का?

उत्तर:

लगेच नको. तुम्ही कॅप्सूल कशी घेता हे तुमच्या डॉक्टरांना बहुतेक माहीत नसावं, आणि ते कळलं की चाळीसचा निर्णय ते थोडा पुढे ढकलतील असं मला वाटतं. औषध चिठ्ठीवर वीस आहे, पण कोऱ्या चहासोबत घेतल्यावर त्यातलं अंगी किती लागतंय हा इथला खरा मुद्दा आहे.

आयसोट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. म्हणूनच ते कोरड्या गोळीत न देता मऊ कॅप्सूलमध्ये, तेलात कालवून भरलेलं असतं. पण कॅप्सूलमधलं ते थोडंसं तेल पुरत नाही. जेवणात स्निग्ध पदार्थ असले की पित्ताशय आकुंचन पावतं, पित्त आतड्यात उतरतं, आणि त्या पित्तामुळे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. औषध त्या थेंबांत शिरून आतड्याच्या आवरणातून रक्तात जातं. पोट रिकामं असेल तर पित्त फारसं सुटतच नाही, आणि औषधाचा मोठा हिस्सा न शोषला जाता शौचावाटे निघून जातो. नेहमीच्या प्रकारच्या कॅप्सूलवर झालेल्या मोजमापात, भरपूर स्निग्ध जेवणानंतर जेवढं औषध रक्तात पोचतं त्याच्या जेमतेम ४० टक्के उपाशीपोटी पोचतं.

आता तुमचा सकाळचा हिशेब बघा. कोऱ्या चहात स्निग्धांश शून्य, दोन मारी बिस्किटांत दीड-दोन ग्रॅम. औषधाच्या दृष्टीने हे उपाशीपोटीच झालं. ७५ दिवसांत कागदावर १५०० मिलिग्रॅम झाले, पण जेवणासोबत घेतलेल्या औषधाशी तुलना केली तर ते ६०० ते ७०० च्या आसपासच धरावे लागतील. हा आकडा ढोबळ आहे, माणसागणिक शोषण बदलतं. पण ओठ फारसे सुकत नाहीत हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, आणि ती खूण महत्त्वाची आहे. पुरेशी मात्रा रक्तात पोचत असेल तर दोन-तीन आठवड्यांत जवळपास प्रत्येकाचे ओठ कोरडे पडतात: आधी कडा खरखरीत होतात, मग बारीक पापुद्रे निघतात, कोपरे ताणल्यासारखे वाटतात. ७५ दिवस वीसची कॅप्सूल घेऊनही ओठ मऊ असतील, तर पहिला प्रश्न 'कशासोबत घेता?' हाच विचारायचा असतो.

चाळीस लगेच का नको, तेही सांगतो. समजा उद्यापासून तुम्ही चाळीस सुरू केली आणि त्याच आठवड्यात कोणाच्या तरी सांगण्यावरून ती जेवणासोबत घ्यायला लागलात. मग चिठ्ठीवर मात्रा दुप्पट दिसेल, पण शरीराला ती एकदम चार-पाच पट वाढल्यासारखी होईल. ओठ फुटून रक्त येणं, नाकातून रक्त येणं, सुरुवातीलाच पुळ्या उसळणं, रक्तातली चरबी झपाट्याने वाढणं, असे त्रास अशा वेळी होतात. मग पेशंट घाबरून औषध सोडतो आणि 'मला हे सोसत नाही' असा शिक्का कायमचा बसतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मी तुमच्या जागी असतो तर डॉक्टरांना आजच फोन करून सकाळची पद्धत सांगितली असती, आणि वीसचीच कॅप्सूल रात्रीच्या जेवणासोबत सहा आठवडे घेऊन बघू का, असं विचारलं असतं.

जेवणात तूप-तेल किती हवं?

वर सांगितलेल्या मोजमापांसाठी जे जेवण देतात त्यात ५० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. रोज तेवढं खाण्याची गरज नाही. माझ्या मते २० ते ३० ग्रॅम पुरतात, अट एवढीच की ते रोज साधारण सारखे असावेत. एक दिवस सावजी मटण आणि दुसऱ्या दिवशी नुसती मुगाची खिचडी असं झालं, तर रक्तातलं औषध वरखाली होतं, आणि मात्रा बरोबर आहे का चूक हे डॉक्टरांनाही कळेनासं होतं.

घरचं साधं जेवण मोजून बघा. दोन पोळ्यांना मिळून एक छोटा चमचा तूप, म्हणजे ५ ग्रॅम. वरण-भातावर आणखी एक चमचा, ५ ग्रॅम. भाजीतलं तुमच्या वाट्याचं तेल दीड चमचा, म्हणजे ७ ग्रॅम. झाले १७. त्यात जेवताना मूठभर भाजलेले शेंगदाणे, साधारण ३० ग्रॅम, घेतले की त्यांचे १४ ग्रॅम मिळतात आणि बेरीज ३० च्या वर जाते. शेंगदाणे नको असतील तर पेलाभर म्हशीचं दूध जवळपास तेवढंच काम करतं. गोळाभातावर हिंगाची फोडणी घातलेलं तेल ओतून घेत असाल, तर त्या रात्री वेगळं काही लागत नाही.

आईंची काळजी समजते. तेलकट खाल्लं की पुळ्या येतात हे घरोघरी ऐकायला मिळतं. पण ताटातलं तूप सरळ चेहऱ्यावरच्या तेलग्रंथींत जात नाही. त्या ग्रंथी हार्मोनच्या इशाऱ्यावर चालतात आणि हे औषध नेमकं त्यांनाच आकसवतं. आईंना सांगा की दिवसभर तळलेलं खायचं नाहीच आहे, फक्त जे तूप-तेल रोज पोटात जातंच ते त्या एका जेवणात एकत्र आणायचं आहे. आलूबोंडा आणि कचोरी वाढवायला कोणी सांगत नाही.

वेळ कोणती?

वेळेबद्दल लोक गरजेपेक्षा जास्त काटेकोर होतात आणि जेवणाबद्दल कमी. हे औषध रक्तातून निम्मं व्हायला साधारण २० तास घेतं. त्यामुळे आज नऊला आणि उद्या साडेदहाला घेतलं तरी काही बिघडत नाही. ठरलेली वेळ हवी ती विसरू नये म्हणून, आणि रोज तेच जेवण सोबत असावं म्हणून. कॅप्सूल घड्याळाला न बांधता ताटाला बांधा. तुमची बस साडेसातची आहे, सकाळी निवांत खाणं होणारच नाही, तेव्हा रात्रीचं जेवण हीच तुमची जागा. ज्यांचा घरी सकाळचा पोटभर नाश्ता ठरलेला असतो त्यांना तो चालतो. घरच्या पोह्यांत तेल आणि शेंगदाणे मिळून १२ ते १५ ग्रॅम होतात, वर पेलाभर दूध घेतलं की भागतं. टपरीवरच्या तर्री पोह्यांवर मात्र मी भिस्त ठेवणार नाही, कारण तिथे तेल रोज वेगळं पडतं.

जेवण निम्मं झालं की कॅप्सूल घ्या, किंवा शेवटचा घास झाल्या झाल्या. पेलाभर पाण्यासोबत, बसून, अख्खी गिळा. चावू नका, टोचून आतलं तेल काढू नका. घोटभर पाण्यासोबत घेऊन लगेच आडवं झालं तर मऊ कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जळजळ, प्रसंगी जखमही होते. त्यानंतर अर्धा-पाऊण तास तरी आडवं होऊ नका.

एखादा दिवस राहिला तर राहू द्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

गुरुवारच्या उपवासाचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खात असाल तर तिच्यातला दाण्याचा कूट आणि तूप मिळून २०-२५ ग्रॅम सहज होतात, तुमच्या सध्याच्या सकाळपेक्षा दसपट जास्त. अडचण होते ती नुसत्या फळांवर राहिलात तर, कारण केळी आणि संत्र्यांत स्निग्धांश जवळजवळ नसतोच. अशा दिवशी संध्याकाळी म्हशीचं दूध आणि शेंगदाणे घेऊन कॅप्सूल घ्या. हरतालिकेसारखा कडक उपवास असेल तर त्या दिवशी घेऊच नका. औषध शरीरात एवढं टिकतं की एका दिवसाने फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट मेडिकलमध्ये होते. तुमच्या कंपनीची कॅप्सूल संपली की दुकानदार दुसरी देतो, 'औषध तेच आहे' म्हणून. काही कॅप्सूल अशा बनवलेल्या असतात की त्या कमी स्निग्धांशातही बऱ्यापैकी शोषल्या जातात, काही तशा नसतात. मिलिग्रॅम सारखे दिसले तरी अंगी लागणारं सारखं असेलच असं नाही. मधेच बदल झाला तर स्ट्रिपचा फोटो डॉक्टरांना पाठवा.

पद्धत बदलल्यावर काय होईल?

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ओठ सुकायला लागतील. काही जणांच्या पुळ्या महिनाभर उलट वाढतात आणि मग उतरतात. तुमच्या शरीराच्या दृष्टीने कोर्स आत्ता कुठे नीट सुरू होतोय, हे लक्षात ठेवलं तर त्याने धीर सुटणार नाही. ओठांना साधं पेट्रोलियम जेली दिवसातून सहा-आठ वेळा आणि झोपताना जाडसर लावा. पापुद्रे ओढू नका, जिभेने ओठ ओले करू नका. नाकपुडीच्या आत करंगळीने हलका थर लावला तर कोरडेपणामुळे येणारं रक्त बहुधा थांबतं. डोळे चुरचुरत असतील तर कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरा, आणि कॉन्टॅक्ट लेन्स टोचायला लागल्या तर चष्म्यावर या. चेहऱ्यावर सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा रेटिनॉलची क्रीमं चालू असतील तर ती बंद करायची का, हेही याच फोनवर विचारून घ्या.

पद्धत बदलणं म्हणजे प्रत्यक्षात मात्रा वाढवणंच आहे, म्हणून चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासावं लागेल: लिव्हरच्या चाचण्या आणि उपाशीपोटी लिपिड. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवून कॅप्सूल घ्या, मग दहा-बारा तास पाण्याशिवाय काही नको. त्याआधीचे दोन दिवस जिममध्ये जड वजनं उचलू नका, स्नायूंच्या ताणानेही लिव्हरचे आकडे वर दिसू शकतात. लिपिडमध्ये बघायचा तो ट्रायग्लिसराइडचा आकडा. १५० च्या आत उत्तम. थोडा वाढला तर साखर, मिठाई, कोल्ड्रिंक आणि दारू आधी बंद करायची, कॅप्सूलसोबतचं तूप तेवढं कमी करण्याची घाई करायची नाही. ५०० च्या वर गेला तर डॉक्टर मात्रा कमी करतील किंवा औषध थांबवतील, कारण ८०० च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येऊन ती पाठीत जात असेल आणि उलट्या होत असतील तर रिपोर्टची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

आकडे ठीक आले आणि सहा आठवड्यांत चेहरा पुरेसा सुधारला नाही, तर तेव्हा ३० किंवा ४० चा विचार योग्य ठरेल. ५० किलोला ४० म्हणजे किलोमागे ०.८ मिलिग्रॅम, ही नेहमीच्या मर्यादेतलीच मात्रा आहे.

फेब्रुवारीतलं लग्न

इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या पूर्ण प्रश्नात हीच ओळ सर्वांत महत्त्वाची आहे आणि तुम्ही ती शेवटी लिहिली आहे.

गर्भ राहिलेला असताना हे औषध पोटात गेलं तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, कानांत, चेहऱ्यात गंभीर दोष होऊ शकतात. अगदी थोड्या दिवसांची, थोडी मात्राही सुरक्षित मानत नाहीत. म्हणून औषधाच्या आधी एक महिना, औषध चालू असेपर्यंत आणि शेवटच्या कॅप्सूलनंतर पूर्ण एक महिना गर्भधारणा होता कामा नये. सुरू करण्याआधी आणि मग दर महिन्याला गर्भचाचणी करायची असते. तुमची झाली नसेल तर या भेटीत मागून घ्या, त्यात संकोच नको.

आता तारखा मांडा. एकूण कोर्स बहुधा किलोमागे १२० मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, ५० किलोला ६००० मिलिग्रॅम. आतापर्यंतचे ७०० धरू. पुढचे सहा आठवडे वीसने ८४० होतील. उरले ४४६०, ऑक्टोबरच्या मध्यापासून चाळीस घेतली तर त्याला साधारण ११२ दिवस लागतील. म्हणजे फेब्रुवारीचा पहिला आठवडा. वीसवरच राहिलात तर उन्हाळा उजाडेल. ६००० ही काही दगडावरची रेघ नाही, चेहरा कधी स्वच्छ होतो त्यावर डॉक्टर मागेपुढे करतात. पण कसाही हिशेब केला तरी लग्नाच्या दिवशी तुम्ही एकतर औषधावर असाल किंवा शेवटच्या कॅप्सूलनंतरच्या महिन्यात असाल.

तेव्हा दोन वाटा आहेत. एक, लग्नाच्या किमान महिनाभर आधी औषध थांबवायचं आणि उरलेला कोर्स पुढे कधी, हे नंतर ठरवायचं. दुसरी, औषध चालू ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांकडून गर्भनिरोधनाची व्यवस्था करायची, ती लग्नाच्या महिनाभर आधीपासून आणि एकावेळी दोन पद्धतींची. फक्त प्रोजेस्टेरॉन असलेल्या कमी मात्रेच्या गोळ्यांवर इथे विसंबता येत नाही. होणाऱ्या नवऱ्याला हे आधी माहीत असायला हवं. सासरी 'या औषधाने मूल होत नाही' असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. शेवटच्या कॅप्सूलनंतर महिना उलटला की पुढच्या गरोदरपणाला धोका राहत नाही. तीन वर्षं थांबायचं असतं ते सोरायसिसच्या अ‍ॅसिट्रेटिन नावाच्या औषधानंतर. नावं सारखी वाटतात म्हणून गल्लत होते.

लग्नाची दुसरी बाजू पार्लरची. वॅक्सिंग करू नका, चेहऱ्याचं तर नाहीच. या औषधाने त्वचेचा वरचा थर पातळ आणि नाजूक होतो. मेणाची पट्टी ओढली की केसांसोबत कातडीही निघते, खाली लाल ओली जागा उरते आणि मग काळा डाग महिनोन् महिने राहतो. कोर्स संपल्यावरही सहा महिने वॅक्सिंग, खोल पील आणि त्वचा घासणारे लेझर टाळायचे असतात, म्हणजे तुमच्या लग्नापर्यंत ते बसत नाहीच. केस काढायला रेझर किंवा ट्रिमर वापरा, आणि पार्लरवालीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती प्रेमाने ब्लीच लावून मोकळी होईल.

पावसाळ्यातला ताप आणि इतर काही

आपल्याकडे विदर्भात या दिवसांत तापाच्या पेशंटला स्क्रब टायफसचा संशय म्हणून डॉक्सिसायक्लिन दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण डॉक्सिसायक्लिन आणि आयसोट्रेटिनॉइन एकत्र घेतले तर कवटीच्या आतला दाब वाढू शकतो: डोकं सतत दुखतं, मळमळतं, नजर धूसर होते किंवा दुहेरी दिसतं. ताप आला तर डॉक्टरांना या कॅप्सूलबद्दल पहिल्याच वाक्यात सांगा. डॉक्सिसायक्लिन गरजेचं असेल तर कॅप्सूल थांबवा. स्क्रब टायफसचा उपचार आधी, पुळ्यांचा नंतर. अ जीवनसत्त्व असलेल्या टॉनिकच्या गोळ्याही बरोबर नकोत.

मन सतत उदास राहणं, झोप उडणं, कशातच गोडी न वाटणं असं झालं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. औषध बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, आणि घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण असा बदल कधीकधी आपल्याआधी घरच्यांच्याच लक्षात येतो.

उन्हात चेहरा लवकर भाजतो, म्हणून सकाळी बसस्टॉपवर जाताना एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा. आपल्याकडच्या मुली बांधतात तो सुती स्कार्फ उत्तम, फक्त रोज धुतलेला असावा. कोर्स उन्हाळ्यात गेलाच तर स्ट्रिप गाडीच्या डिकीत ठेवू नका; नागपूरच्या मे महिन्यात मऊ कॅप्सूल तिथे वितळून एकमेकींना चिकटतात. चिकटलेली, गळलेली कॅप्सूल घ्यायची नाही. कोर्सभर आणि नंतर महिनाभर रक्तदान नको, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. आणि उरलेल्या कॅप्सूल धाकट्या बहिणीला किंवा मैत्रिणीला देऊ नका, तिच्या पुळ्या तुमच्यासारख्याच दिसत असल्या तरी.

फोन कराल तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: सकाळी कोऱ्या चहासोबत घेत होते, ओठ सुकले नाहीत, फेब्रुवारीत लग्न आहे. शेवटची लिपिड आणि लिव्हरची तपासणी कधी झाली ती तारीखही हाताशी ठेवा, ते विचारतीलच.